बोरॉनची शिडी

आमच्या क्लासच्या फ्लेक्सवर बारा सरांचे फोटो आहेत. सगळे हाताची घडी घालून उभे, नुकतंच कुणाशी तरी भांडून आल्यासारखे. त्यात रामकिशन सर नाहीत. सर बसायचे जिन्याखाली. एक टेबल, दोन बाकडी, वर कुरकुरणारा पंखा आणि टेबलावर पाटी: ‘डाउट काउंटर, रसायनशास्त्र’. वर माडीवर फ्लेक्सवाले सर दीडशे-दीडशे पोरांना शिकवायचे, आणि ज्यांना तिथं कळलं नाही ती पोरं वही घेऊन खाली यायची. म्हणजे जवळजवळ सगळीच यायची, पण हे बोलून दाखवायची लातूरच्या ट्यूशन एरियात पद्धत नाही.

मी व्यंकट. त्याच क्लासमध्ये पेपर टाइप करतो, उत्तरांची की, म्हणजे बरोबर पर्यायांचे आकडे, मशीनला भरतो, गोल काळे केलेल्या ओएमआर पत्रिका तपासून यादी काढतो. माझ्या आणि सरांच्या टेबलात नुसता प्लायवूडचा आडोसा होता. मी बी.ए. झालेला माणूस, रसायनाशी माझा संबंध चहापुरता. पण सात वर्षं त्या आडोशापलीकडचं ऐकून ऐकून रेणूची शिडी मलाही पाठ झाली. पोरं तिला मॉलिक्युलर ऑर्बिटल डायग्राम म्हणायची. सर शिडीच म्हणायचे.

सर मूळचे जळकोट भागातले. तिथल्याच एका खेड्यातल्या विनाअनुदानित कनिष्ठ महाविद्यालयात त्यांनी सतरा वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. अनुदान काही आलं नाही, विज्ञानाचा वर्ग बंद पडला, आणि सर बायको-पोरीला घेऊन लातूरला आले. अंगात पांढरा शर्ट, उजव्या बाहीला कायम मार्करची निळी शाई, कारण टेबलाच्या काचेवर आकृती काढायची आणि बाहीनंच पुसायची. बायकोनं फडकं शिवून दिलं होतं. ते घडी घालून खणात ठेवलेलं.

शिडी शिकवताना त्यांचा आवाज बदलायचा. काचेवर डावीकडे एक अणू, उजवीकडे दुसरा, आणि मधे खालून वर जाणाऱ्या आडव्या रेघा.

“हे बघ बाळा, दोन अणू जवळ आले की त्यांची ऑर्बिटलं मिसळत्यात. दोन मिसळली की दोनच तयार हुत्यात. एक खाली जातं, एक वर. खालचं अणूंना बांधून ठेवतं. वरचं तोडाय बघतं, म्हणून त्याच्यावर चांदणी काढायची. आता इलेक्ट्रॉन वाढायचे. पंगत खालनं सुरू. एका पाटावर दोघंच, ते बी उलटसुलट तोंडं करून. आन् दोन पाट एकाच उंचीचे असले तर?”

पोरगं पेन चावायचं. मग सर म्हणायचे, “तर आधी एकेकाला बसवायचं. माझी माय धोंडाबाई पंगतीत वाढायची. एकाच्या ताटात दोन पोळ्या आन् शेजारच्याचं ताट कोरडं, असं तिनं जन्मात होऊ दिलं न्हाई. आधी सगळ्यांना एकेक, मग दुसरी.”

एकट्या पाटाचं नाव सिग्मा, सारख्या उंचीच्या जोडीचं पाय, ग्रीक अक्षरांवरून. पुढचा हिशेब सोपा होता. बांधणारे इलेक्ट्रॉन किती, तोडणारे किती, वजाबाकी करायची आणि दोनानं भागायचं, की बॉन्ड ऑर्डर, म्हणजे बंधांची संख्या, आली. आणि शिडीवर कुणी एकटा बसलेला दिसला की तो रेणू चुंबकाकडे ओढला जाणार, म्हणजे पॅरामॅग्नेटिक. सगळे जोडीनं बसले असतील तर चुंबक त्याला जवळ करत नाही, तो डायमॅग्नेटिक. ऑक्सिजनचे सोळा इलेक्ट्रॉन बसवले की दहा बांधणारे, सहा तोडणारे, बॉन्ड ऑर्डर दोन, आणि शेवटचे दोघं वरच्या दोन सारख्या पाटांवर एकेकटे. “म्हणून ऑक्सिजन चुंबकाला धरतो,” सर म्हणायचे, आणि पोरगं वर बघून हसायचं. दिवसातून पाच-सहा वेळा हे व्हायचं. मला दर वेळी बरं वाटायचं. क्लासमध्ये दुसरं बरं वाटण्यासारखं फार काही नव्हतं.

त्यांची मुलगी रेणुका आमच्याच क्लासला होती. अकरावी झालेली, बापासारखीच कमी बोलणारी. जिन्यावरून जाताना ती काउंटरकडे बघायची नाही. बघितलं तर लोक म्हणतील, सरांची पोरगी म्हणून हिला जास्त कळतं. पण घरी तिला सरांनीच शिकवलं होतं, सगळं, शिडीसकट.

मे महिन्यात निवड परीक्षा असते. एकशे ऐंशी प्रश्न, सातशे वीस गुण. बरोबर उत्तराला चार, चुकलं तर एक वजा. पहिली चाळीस पोरं ‘चाळीसच्या बॅच’मध्ये जातात. त्यांना सगळे फ्लेक्सवाले सर शिकवतात, शंकांना वेगळा वेळ मिळतो, आणि बाहेरगावच्यांना क्लासच्याच वसतिगृहात जागा मिळते. एकेचाळिसाव्या पोराला यातलं काही नाही. तो दीडशेच्या गर्दीत जातो. रेणुकानं दोन वर्षं त्या चाळीसमध्ये बसायचं मनात धरलं होतं. घरात टीव्हीवर चादर टाकून ठेवली होती. ते मी स्वतः पाहिलंय.

प्रश्न बाहेरून विकत आणलेल्या संचातले असतात, रसायनाची की मात्र रामकिशन सर करत. त्या वर्षी रेणुका परीक्षेला बसणार म्हणून त्यांनी पेपर आधी हातातच घेतला नाही. पोरं पेपरला बसल्यावर, दारं लागल्यावर, त्यांनी माझ्या टेबलाशी बसून तासाभरात की केली. मी बाजूला बसून आकडे भरत गेलो. सदतिसावा प्रश्न होता: खालीलपैकी कोणता रेणू पॅरामॅग्नेटिक आहे? एक बोरॉनचा, दोन कार्बनचा, तीन नायट्रोजनचा, चार फ्लोरिनचा. सरांनी कागदाच्या कोपऱ्यात भराभर शिडी काढली आणि म्हणाले, “दोन.” मी दोन भरला.

तिसऱ्या दिवशी तात्पुरती यादी आणि की भिंतीवर लागली. हरकत असेल तर संध्याकाळी पाचपर्यंत. रेणुका पाचशे पंचाहत्तर गुणांनी चौतिसावी. सरांनी यादी एकदाच बघितली, बाहेरच्या गाड्यावर जाऊन माझ्यासाठी चुरमुऱ्यांची सुशीला आणली, आणि स्वतः न खाता मला खाताना बघत बसले. आनंद साजरा करायची त्यांची पद्धत असली होती.

चारच्या सुमाराला एक मुलगी काउंटरवर आली. राजकन्या नाव, देगलूर तालुक्यातली. बाहेर लिंबाखाली तिचे वडील एक पिशवी आणि एक गुंडाळलेली वळकटी घेऊन बसले होते. यादीत ती सेहेचाळिसावी होती, पाचशे अडुसष्ट. नाव चाळीसात असतं तर वसतिगृह, नाहीतर संध्याकाळच्या गाडीनं देगलूर आणि तिथलंच कॉलेज. वळकटी अजून सोडलेली नव्हती.

“सर,” ती म्हणाली, “सदतिसाव्याला म्या बोरॉन लिव्हलं. कीमध्ये कार्बन हाय. माझं कुठं चुकलं तेवढं सांगता का?”

सरांनी मार्कर उचलला. “बस बाळा. बोरॉनचे किती?”

“दहा.”

“पहिले आठ खालच्या चार पाटांवर. चार बांधणारे, चार तोडणारे, फिट्टमफाट. राहिले दोन. आता वर काय येतं? सिग्माचा एकटा पाट. त्याच्यावर दोघं जोडीनं बसले. एकटा कुणीच न्हाई. म्हणून डायमॅग्नेटिक. कार्बनचे बारा. दोन सिग्मावर, उरलेले दोन पायच्या दोन सारख्या पाटांवर एकेक. एकटे दोघं. म्हणून कार्बन पॅरामॅग्नेटिक.”

मुलीनं मान हलवली नाही. तिनं वही उघडली. “आमच्या गावाकडच्या सत्यशीला मॅडमनं दुसरी शिडी सांगितली हाय. ऑक्सिजन, फ्लोरिनला सिग्मा खाली. पण बोरॉन, कार्बन, नायट्रोजनला पायचे दोन पाट खाली, आन् सिग्मा त्यांच्या वर. मंग बोरॉनचे दोघं एकेकटे बसत्यात. आन् कार्बनचे चौघं जोडीनं.”

“बॉन्ड ऑर्डर काढ बरं तुझ्या शिडीनं,” सर म्हणाले.

“सहा वजा चार, भागिले दोन. एक.”

“माझ्या शिडीनं बी एकच येती.”

“हाव सर,” ती हळूच म्हणाली. “बॉन्ड ऑर्डर दोन्हीकडून तीच येती. कार्बनची बी दोनच. म्हणून तिच्यावरनं कळत न्हाई. चुंबकच वेगळं सांगतो.”

आडोशापलीकडे सरांनी खालचा खण ओढल्याचा आवाज आला. त्यांचं बी.एस्सी.चं जाडजूड पुस्तक तिथं असायचं, पुठ्ठा निघालेलं, दोऱ्यानं बांधलेलं. दोरा सोडायला त्यांना वेळ लागला. मी उठून उभा राहिलो आणि आडोशावरून बघितलं. त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं होतं. बोरॉनच्या वाफेची तपासणी केली तर ती पॅरामॅग्नेटिकच सापडते, असं तिथं छापलेलं होतं. त्या ओळीखाली पेन्सिलीची जुनी रेघ होती. ती सरांचीच, विद्यार्थी असतानाची.

“बरोबर हाय तुझं,” ते म्हणाले. “बाहेर थांब बाळा. वडिलांना म्हणावं, गाडीची घाई करू नका.”

ती गेल्यावर ते माझ्या बाजूला आले आणि स्टुलावर बसले. मला वाटलं, घाम पुसतायत. ते डोळे पुसत होते.

त्यांनी सांगितलं ते असं. जळकोटच्या त्या कॉलेजात पहिल्याच वर्षी त्यांनी दोन्ही शिड्या शिकवल्या होत्या. पोरं गोंधळली. कुणी नायट्रोजनला एक लावायचं, कुणी दुसरी. मग सरांनी विचार केला, यांच्या पेपरात येतात कोण? हायड्रोजन, लिथियम, नायट्रोजन, ऑक्सिजन, फ्लोरिन. या सगळ्यांना ऑक्सिजनचीच शिडी लावली तरी उत्तर बिघडत नाही. नायट्रोजनचे चौदा असे बसवा नाहीतर तसे, सगळे पाट भरतात, बॉन्ड ऑर्डर तीन येते, एकटा कुणी उरत नाही. फसतात ते फक्त बोरॉन आणि कार्बन, आणि ते कधी विचारलेच जात नव्हते. म्हणून त्यांनी दुसरी शिडी गाळली. पोरांना सोपं जावं म्हणून. वर्गाच्या भिंतीवर ऑइल पेंटनं एकच शिडी रंगवून घेतली. मग वर्षं गेली, इथं काउंटरवरही पोरं ऑक्सिजन-नायट्रोजनच घेऊन आली, आणि दुसरी शिडी होती हेच ते विसरले.

“तेवीस वर्षं चुकीच्या शिडीनं बरोबर उत्तरं काढली मी, व्यंकट,” ते म्हणाले. “म्हणून कुणी पकडलं न्हाई.”

मी संगणकाकडे वळलो. सदतिसाव्याची की दोनऐवजी एक केली आणि कच्ची यादी काढून बघितली. राजकन्याला पाच गुण वाढले: वजा एकच्या जागी चार. पाचशे त्र्याहत्तर, एकोणचाळिसावी. मग माझी नजर खाली गेली. रेणुकानं कार्बनवर गोल केला होता. बाप शिकवेल तेच पोरगी लिहिणार. तिचे चार गेले आणि वर एक वजा. पाचशे सत्तर, पंचेचाळिसावी.

मी यादी सरांपुढे धरली नाही. तेवढ्यात अमरनाथ सर, क्लासचे मालक, खाली आले. काय झालं ते त्यांना सांगावं लागलं. ते वाईट माणूस नाहीत, पण भिंतीवर एकदा लागलेला कागद त्यांना देवाच्या फोटोसारखा वाटतो.

“रामकिशनराव, आपली की चुकली म्हणून बाहेर कळलं तर उद्या समोरचा क्लास तेच फ्लेक्सवर छापंल,” ते म्हणाले. “प्रश्न रद्द करा. सगळ्यांना चार-चार बोनस द्या. साप बी मरंल आन् काठी बी मोडायची न्हाई.” आणि माझ्याकडे बघून म्हणाले, “व्यंकट, बोनस टाकून बघ यादी.”

मी टाकून बघितली. ज्यांनी प्रश्न सोडला त्यांनाही चार, ज्यांनी काहीच्या बाही लिहिलं त्यांनाही चार. रेणुका पाचशे पंचाहत्तरवरच राहिली आणि बरोबर चाळिसावी आली. राजकन्या पाचशे त्र्याहत्तर, त्रेचाळिसावी. अमरनाथ सरांनी पडद्यावर बघितलं, सरांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि वर गेले. ते उपकार करून गेले होते आणि तिघांनाही ते माहीत होतं.

मी खरं सांगतो, मलाही बोनसच पाहिजे होता. सात वर्षं जिन्याखाली बसलेल्या माणसाची पोरगी एकदा वर जात होती, आणि तीही चोरी करून नाही, मालकानंच सुचवलेल्या वाटेनं. मी म्हणालो, “सर, बोनस काही वाईट नाही. सगळीकडे देतात. आणि पहिल्या पर्यायावर गोल केलेली एकशे सहा पोरं आहेत. या एका पोरीशिवाय कुणी तोंड उघडलंय का?”

“त्यांनी उघडलं न्हाई, कारण त्यांना वाटलं आपलंच चुकलं,” सर म्हणाले. “छापलेली की बघून खरं उत्तर सोडून दिलं त्यांनी. बोनस चुकीच्या प्रश्नाला असतो, व्यंकट. प्रश्न चांगला हाय. चूक की करणाराची हाय.”

मग ते म्हणाले, “रेणुकाला बोलाव.”

मी म्हणालो, मी सांगतो तिला नंतर. त्यांनी घड्याळाकडे बोट दाखवलं. मी जाऊन तिला अभ्यासिकेतून आणलं. साडेचार वाजून गेले होते.

सरांनी तिच्यापुढे मार्कर ठेवला. सात वर्षांत ती त्या बाकड्यावर पहिल्यांदा बसत होती. “बोरॉनचा रेणू काढ,” ते म्हणाले. तिनं काढला, तसाच, बापानं शिकवलेला, सिग्मा खाली. रेघाही अगदी त्यांच्यासारख्या.

“ही ऑक्सिजनची झाली,” सर म्हणाले. “बोरॉन, कार्बन, नायट्रोजनमध्ये टू एस आन् टू पी ही ऑर्बिटलं एकमेकांच्या जवळ असत्यात. दोन्हीकडचे सिग्मा एकमेकांत मिसळत्यात. खालचा अजून खाली जातो, वरच्या सिग्माला वर ढकलतो. तो पायच्या वर जाऊन बसतो. ऑक्सिजनमध्ये ती दोघं लांब असत्यात, म्हणून तसं होत न्हाई. हे मी तुला कधी सांगितलं न्हाई. आता पुन्हा वाढ.”

तिनं बाहीनं पुसलं. बापासारखंच. पायच्या दोन रेघा खाली घेतल्या, सिग्मा वर. इलेक्ट्रॉनचे आठ बाण भरले. नवव्या बाणापाशी तिचा हात थांबला. मग तिनं एक बाण एका रेघेवर काढला, दुसरा दुसरीवर, आणि मार्कर खाली ठेवला. तिला सदतिसावा प्रश्न आठवला होता, ते मला तिच्या मानेवरून कळलं.

“अप्पा,” ती म्हणाली, “तुम्ही शिकवलं तेच लिहिलं मी.”

“हाव. माझंच लिहिलंस तू.”

“मंग मी आता चाळीसात न्हाई?”

“बोनस दिला तर हायस. की दुरुस्त केली तर न्हाईस.” त्यांनी लपवलं नाही. “बाहेर एक पोरगी बसली हाय. तिनं बरोबर लिव्हलंय. बोनस दिला तर ती गावी परत जाती.”

रेणुकानं बाहेर बघितलं. लिंबाखालची वळकटी तिथून दिसत होती. ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती उठली, मार्करचं टोपण घातलं नाही, आणि जिना चढून गेली. जाताना काउंटरकडे तिनं बघितलं नाही. नेहमीसारखंच.

सरांनी कागद घेऊन लिहिलं: ‘प्रश्न ३७ बरोबर आहे. की चुकीची आहे. योग्य उत्तर पर्याय १. की मी तयार केली होती.’ खाली सही, पूर्ण नावाची. तो कागद त्यांनी स्वतः भिंतीवर यादीशेजारी चिकटवला. आता मालकही काही करू शकणार नव्हते. मग माझ्याशी आले. “भर.”

माझं बोट बटणावर होतं आणि दाबत नव्हतं. सरांनी माझा हात धरला नाही, घाईही केली नाही. ते उभे राहिले. पाचला चार मिनिटं होती. मी एक भरला. मशीन गरगरलं आणि यादीतली नावं आपली जागा बदलून बसली. मला त्या वेळी सरांचा राग आला होता, हेही लिहून ठेवतो. एवढा सरळ माणूस शेजारी असला की आपल्याला जड जातं.

राजकन्याच्या वडिलांनी वळकटी उचलून वसतिगृहाकडे नेली. काउंटरपाशी थांबून त्यांनी सरांना हात जोडले. सर म्हणाले, “पोरीचं बरोबर होतं, आमचं चुकलं होतं. हात आम्ही जोडायचे.” त्यांना रेणुकाबद्दल कुणी काही बोललं नाही. अमरनाथ सर त्या संध्याकाळी खाली आले, कागद वाचला, आणि आठवडाभर सरांशी कामापुरतंच बोलले.

पण घरात त्याहून वाईट होतं. रेणुका दीडशेच्या बॅचला जायला लागली. ती भांडली नाही, जेवण टाकलं नाही. फक्त बापाशी बोलली नाही. सर मला रोज सकाळी सांगायचे, “आज न्हाई बोलली.” जसं कुणी हवामान सांगावं. अकरा दिवस असे गेले. त्या अकरा दिवसांत त्यांनी शंका घेऊन आलेल्या प्रत्येक पोराला, विचारलेलं असो वा नसो, दोन्ही शिड्या शिकवल्या.

बाराव्या दिवशी त्यांनी विचारलं, “व्यंकट, रविवारी जळकोटला येतोस? भिंत राहिली हाय.”

ज्या खेड्यात त्यांनी शिकवलं तिथं विज्ञानाचा वर्ग पुन्हा सुरू झाला होता. त्याच खोलीत. त्याच भिंतीवर त्यांची एकच शिडी होती, आणि नवी पोरं ती वहीत उतरवत होती. सरांनी तिथल्या प्राचार्यांना फोन करून परवानगी घेतली होती, काळ्या आणि निळ्या रंगाचे दोन लहान डबे घेतले होते, दोन ब्रश.

रविवारी सकाळी मी त्यांच्या दारात गेलो तर सर चपला घालत होते, आणि त्यांच्या मागे रेणुका उभी होती. जुना ड्रेस, ओढणी कमरेला बांधलेली. तिच्या हातात टर्पेंटाइनची बाटली होती. मी सरांकडे बघितलं. त्यांनी मला काही विचारू नको अशी खूण केली. बसमध्ये ती खिडकीशी बसली, उदगीरला उतरून जीप घेतली तेव्हाही बोलली नाही. सर पुढच्या सीटवर बसले आणि एकदाही मागं वळले नाहीत. वळलो तर ती उतरून जाईल असं त्यांना वाटत असावं.

खोली लहान होती, खिडकीच्या काचा गेलेल्या. भिंतीवर शिडी होती तशीच, रंग थोडा उडालेला, वर ठळक अक्षरांत ‘द्विअणू रेणू’. सरांनी आधी बाहीनं तिच्यावरची धूळ पुसली. मग त्यांनी ब्रश घेतला आणि जुन्या शिडीवर फुली मारली नाही. नावाखाली एवढंच लिहिलं: ‘ऑक्सिजन व फ्लोरिनसाठी’. अक्षरं वेडीवाकडी आली. शेजारी रिकामी भिंत होती. तिथं त्यांनी डावा अणू काढला, उजवा अणू काढला, खालचे चार पाट ओढले, आणि पाचव्या पाटापाशी येऊन थांबले. उंची लागत होती. बाकावर चढायला गेले तर गुडघा वळेना.

रेणुका उठली. तिनं त्यांच्या हातातून ब्रश घेतला आणि बाकावर चढली. सरांनी खालून रंगाचा डबा वर धरला. तिनं पायच्या दोन रेघा शेजारी शेजारी, एका उंचीला ओढल्या. ब्रश पुन्हा बुडवला. सिग्माची रेघ काढायला हात वर नेला आणि तिथंच थांबली.

“अप्पा,” ती भिंतीकडे बघतच म्हणाली, “सिग्मा किती वर घेऊ?”

मी खिडकीतून बाहेर बघायला लागलो.

“पायच्या जरा वर,” ते म्हणाले. “लई न्हाई.”

तिनं रेघ ओढली. मग खालून सुरुवात करून बाण भरत आली, आठ भरले, आणि उरलेले दोन पायच्या दोन पाटांवर, आधी एकेक, असे बसवले. रंगाचे थेंब डब्याच्या कडेवरून सरांच्या मनगटावर येत होते, तिथून पांढऱ्या बाहीत जात होते. त्यांनी डबा खाली घेतला नाही.